झोपून असलेल्या रुग्णाची बेडसोर-जोखीम आणि कूस बदलण्याची नोंद: कोणासाठी, कोणते कागद, कशी भरायची

ड्युटीवर आपण कुठेही लिहितो. तळहातावर, मायक्रोपोरच्या पट्टीवर, केसपेपरच्या कोपऱ्यात. त्यावर आपलं काम भागतं, पण पुढच्या पाळीच्या सिस्टरला त्यातून काहीच कळत नाही.

नोंद कोणाची उघडायची

ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, अशा प्रत्येक रुग्णाची. दाखल झाल्यावर शक्य तितक्या लवकर ब्रेडन स्केलने गुण काढा. यात सहा मुद्दे असतात: संवेदना, ओलावा, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण. बेरीज ६ ते २३ मध्ये येते आणि १८ किंवा त्याखाली आली की जोखीम धरायची. कागदावर स्केलचं नाव लिहाच. ब्रेडनमध्ये गुण कमी तर धोका जास्त, आणि वॉटरलोमध्ये नेमकं उलटं. नुसता ‘१२’ वाचून फसलेल्या सिस्टर मी पाहिल्या आहेत.

कोणते कागद समोर हवेत

तुमच्या टिपा, मागच्या पाळीचा तक्ता, इनटेक-आउटपुट चार्ट आणि केसपेपर. नावासोबत नोंदणी क्रमांकही जुळवा.

टिपांवरून गुण

एका रात्रीच्या टिपा पाहू. आजींना पक्षाघात झालेला, उजवी बाजू लुळी आणि बधिर.

‘८.३० उताण्या. चादर ओली, बदलली. जेवण निम्मं. १०.१५ डावी कूस, कमरेखाली लाल. १२ गाढ झोप, हलवलं नाही. २.०० डावा खुबा लाल.’

निम्म्या शरीराला दुखणं नीट कळत नाही, म्हणून संवेदनेला २. चादर पाळीत एकदा तरी बदलावी लागते, ओलाव्याला २. अंथरुणातून उठणं नाही, १. डावा हात-पाय थोडा हलतो, पण कूस वळवता येत नाही, म्हणून हालचालीला २. जेवण रोज निम्मंच जातं, हे मागच्या तक्त्यावरूनही दिसतं, २. वर ओढून घ्यावं लागतं आणि त्या पुन्हा खाली घसरतात, घर्षणाला १. बेरीज १०, म्हणजे जास्त जोखीम (१० ते १२).

कूस बदलण्याचा तक्ता

रकाने थोडेच ठेवा: कधीपासून, कधीपर्यंत, कोणती स्थिती, त्वचा कशी दिसली, सही. टिपा यात बसवल्या की लगेच दिसतं की आजी १०.१५ ते २.०० म्हणजे पावणेचार तास एकाच कुशीवर होत्या, आणि लाली त्याच बाजूच्या खुब्यावर आली. सुट्या टिपांमध्ये हे दोन्ही होतं, फक्त शेजारी नव्हतं.

इथे मोह होतो तो १२ वाजता ‘उताणे’ असं लिहून दोन तासांची रांग पुरी करण्याचा. तसं करू नका. ‘झोपेमुळे वळवलं नाही’ असंच लिहा. खोटी ओळ घातली की सकाळी डॉक्टर ती लाली दोन तासांत आली असं समजतील आणि गादी बदलायचा विचार करतील. खरं तर बदलायची होती वेळ. उशिरा भरलेल्या ओळीला, ती लिहिल्याची वेळ वेगळी द्या.

‘लाल’ हा शब्द एकटा पुरत नाही. बोटाने सुमारे तीन सेकंद दाबून सोडा. जागा पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. लाली दाबूनही तशीच राहिली तर तो पहिल्या टप्प्याचा बेडसोर, कातडी शाबूत असली तरी. सावळ्या त्वचेवर हा फरक दिसेलच असं नाही. तिथे शेजारच्या त्वचेच्या तुलनेत जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते हाताने पाहा. १०.१५ च्या लालीची दाबून पाहिल्याची टीप नाही, म्हणून तक्त्यात ‘तपासल्याची नोंद नाही’ एवढंच येतं. २ वाजताची ओळ मात्र पुरी हवी:

‘२.०० डावा खुबा, सुमारे २ × ३ सेंमी लाल, दाबल्यावर पांढुरकी होत नाही, कातडी शाबूत. उताणं केलं, पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. डॉक्टरांना कळवलं २.१०.’

पुढच्या रकान्यात बदललेला बेत: लाली जाईपर्यंत डावी कूस बंद, अर्ध्या तासाने पुन्हा पाहणे, उजवीकडे वळवताना लुळा खांदा अंगाखाली न दाबता पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचाच कल. पूर्ण कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. लाल जागा चोळू नका आणि खाली रिंगही ठेवू नका. दोन्ही सवयी जुन्या आहेत, आणि दोन्हींनी इजा वाढते.

गुण पुन्हा काढायचे ते स्थिती बदलली की. आजींना ताप आला, जुलाब सुरू झाले किंवा जेवण बंद झालं, तर कालचा १० आज चालत नाही.