चॅट एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये नेमके काय असते : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

सीताबर्डीवरील आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोन रिसेट करण्यापूर्वी आम्ही प्रत्येक ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपची चॅट फाइल आमच्यासमोर उघडून दाखवायला सांगतो. त्यात वीसेक मिनिटे जातात आणि ‘फाइल काढली आहे म्हटले ना’ असे वैतागून सांगणारेही भेटतात. तरीही आम्ही हा नियम का सोडत नाही, ते समजावे म्हणून हे पत्रक.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. `Export chat` मधून मिळणारी फाइल वाचण्यासाठी असते; ती व्हॉट्सअ‍ॅपमध्ये परत भरता येत नाही. नव्या फोनमध्ये चॅट जशीच्या तशी हवी असल्यास बॅकअप लागतो, जो अँड्रॉइडवर सहसा गूगल ड्राइव्हमध्ये असतो. ‘ही झिप फाइल नव्या फोनमध्ये टाकून द्या’ असे म्हणत येणाऱ्यांना आम्हाला नाइलाजाने नकार द्यावा लागतो. एक्सपोर्ट उपयोगी पडते ते हिशेब जुळवायला, वकिलांना दाखवायला किंवा जुना संवाद जपून ठेवायला.

अँड्रॉइडवर चॅट उघडून वरच्या तीन ठिपक्यांमधून `More` आणि मग `Export chat` निवडले की फोटो-व्हिडिओ सोबत हवेत की नकोत, असे विचारले जाते. वेळ वाया घालवणारी चूक इथेच होते. साहजिकच सर्वजण ‘सोबत हवेत’ निवडतात. परंतु तसे केल्यास फक्त सर्वांत अलीकडचे 10,000 संदेश फाइलमध्ये येतात. फोटोंशिवाय घेतल्यास ही मर्यादा 40,000 आहे. त्याहून जुने संदेश फाइलमध्ये येतच नाहीत. शिवाय एका वेळी एकच चॅट निघते. सर्व चॅट एकत्र काढण्याची सोय या मार्गात नाही.

कळमना बाजारातील एका संत्रा व्यापाऱ्यांचे उदाहरण सांगतो. वाहतूकदाराशी भाड्यावरून वाद झाल्याने त्यांना 2021 च्या आंबिया बहाराचे संदेश हवे होते. चॅटमध्ये तेवीस हजारांच्या आसपास संदेश होते. त्यांनी फोटोंसह फाइल काढली, ती लॅपटॉपवर ठेवली आणि घरीच फोन रिसेट केला. आमच्याकडे आल्यावर झिप उघडली, तर मजकुराची पहिली ओळच मार्च 2023 ची निघाली. सुदैवाने ड्राइव्हवर बॅकअप होता. त्याच नंबरवर तो परत घेऊन आम्ही फोटोंशिवाय दुसरी फाइल काढली, तेव्हा 2021 चा हंगाम हाती लागला. बॅकअप नसता, तर आमच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

म्हणून झिप उघडून आतील `.txt` फाइलची पहिली ओळ पाहा आणि फोनमधील चॅट अगदी वरपर्यंत सरकवून तेथील तारीख तिच्याशी जुळवा. ही ओळ साधारण अशी दिसते :

```
12/11/23, 7:42 pm - ट्रान्सपोर्टवाले काका: IMG-20231112-WA0007.jpg (file attached)
```

आधी तारीख-वेळ, नंतर नाव, मग मजकूर. फोटो स्वतः ओळीत नसतो. तो झिपमध्ये त्याच नावाने वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे फोटोंची नावे बदलू नयेत. बदलल्यास कोणता फोटो कोणत्या संदेशाचा, हे जुळवणे अवघड होते. फोटोंशिवाय काढलेल्या फाइलमध्ये त्या जागी `<Media omitted>` एवढेच येते. फोनमधून आधीच खोडलेला किंवा कधी डाउनलोडच न केलेला फोटो कोणत्याही प्रकारात मिळत नाही. समोरच्याचे नाव तुमच्या फोनमध्ये सेव्ह असेल तसेच छापले जाते आणि सेव्ह नसेल तर केवळ नंबर दिसतो. तेव्हा नंबर आधी सेव्ह करून मगच फाइल काढावी.

आणखी एक गल्लत वरचेवर दिसते. सेटिंग्जमधील `Request account info` वरून मिळणारा अहवाल म्हणजे चॅट नव्हे. त्यासाठी सुमारे तीन दिवस थांबावे लागते आणि शेवटी हाती येते ती खात्याची व सेटिंग्जची माहिती. त्यात एकही संदेश नसतो. चॅटमध्ये कोणी `Advanced chat privacy` सुरू केलेले असल्यास एक्सपोर्ट होत नाही, हा मात्र फोनचा बिघाड समजू नये.

मोठी झिप मेलने पाठवण्याचा प्रयत्न करू नये, कारण जीमेलची जोडपत्राची मर्यादा 25 एमबी आहे. ती ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. चॅट लांबलचक असेल, तर आम्ही फोटोंसह एक आणि फोटोंशिवाय एक अशा दोन्ही फायली काढून देतो. रिसेटसाठी फोन देणाऱ्यांकडून त्याचे वेगळे पैसे घेत नाही. केवळ फाइल काढून हवी असल्यास काम सुरू करण्यापूर्वी दर सांगतो. येताना फोन चार्ज केलेला असावा, स्क्रीन लॉकचा पिन माहीत असलेली व्यक्ती सोबत असावी आणि तोपर्यंत घरी रिसेट करू नये.