इशारा लवकर केला म्हणून ब्रेक लवकर लागत नाही

समोर टक्कर होईल असं वाटलं की इशारा देणारी आणि वेळ पडली तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा अनेक नवीन गाड्यांत असते. अशा गाडीच्या स्क्रीनवर Warning Timing नावाची एक सेटिंग असते आणि तिच्यात Early, Normal, Late असे पर्याय असतात. काही गाड्यांत त्याच जागी Sensitivity लिहिलेलं असतं. बहुतेक जण समजतात की Early ठेवलं तर गाडी लवकर ब्रेक मारेल आणि Late ठेवलं तर उशिरा. बहुतांश गाड्यांत तसं होत नाही. या सेटिंगने पुढे-मागे सरकतो तो फक्त इशारा. ब्रेक कधी लावायचा हे कंपनीने आधीच ठरवलेलं असतं आणि ते गाडी तुम्हाला बदलू देत नाही.

इशारा आणि ब्रेक एकाच मोजमापावर चालतात, म्हणून गोंधळ होतो. पुढच्या वाहनापर्यंतचं अंतर भागिले त्याच्याकडे जाण्याचा आपला वेग, म्हणजे टक्कर व्हायला उरलेले सेकंद. पण एकच आकडा पाहून दोघांचे निर्णय वेगळे होतात, कारण चूक झाली तर मोजावी लागणारी किंमत वेगळी आहे. इशारा उगाच वाजला तर कान दुखतात, एवढंच. ब्रेक उगाच लागला तर मागून येणारा माशांचा टेम्पो तुमच्या डिकीत शिरेल. म्हणून इशाऱ्याला थोडा संशय पुरतो. ब्रेक लावण्यापूर्वी मात्र यंत्रणा पक्की खात्री मागते. बऱ्याच गाड्यांत समोर काहीतरी आहे असं रडारने सांगावं लागतं आणि ते वाहन, माणूस किंवा दुचाकी आहे हे कॅमेऱ्याने ओळखावं लागतं.

त्याशिवाय ती आणखी एक गोष्ट पाहते: ड्रायव्हरला अजून वाट शिल्लक आहे का? वाटा दोन. एक, ब्रेक मारून थांबणं. दुसरी, स्टिअरिंग वळवून बाजूने निघणं. गाडी दोनेक मीटर बाजूला काढायला साधारण एक सेकंद लागतो आणि वेग कमी-जास्त झाला तरी हा वेळ फारसा बदलत नाही. थांबायला लागणारा वेळ मात्र वेगाबरोबर वाढतो. ताशी ३६ किलोमीटरला कोरड्या रस्त्यावर टक्कर ०.६५ सेकंदांवर असताना पूर्ण ब्रेक लागला तरी गाडी थांबते. म्हणजे बाजूने निघायची वाट बंद झाल्यावरही यंत्रणेच्या हातात वेळ असतो आणि ती टक्कर पूर्ण टाळू शकते. ताशी ७२ ला हेच गणित उलटं होतं. तिथे थांबायचं तर टक्कर सव्वा सेकंदावर असतानाच ब्रेक लागायला हवा, पण सव्वा सेकंद उरलेला असताना तुम्ही अजून बाजूने जाऊ शकता. कदाचित तुम्ही ओव्हरटेकच करत असाल. यंत्रणा ती वाट बंद होत येईपर्यंत कचरते आणि मग जो ब्रेक लागतो तो अनेकदा टक्कर टाळत नाही, फक्त तिचा जोर कमी करतो. हे समजून घेतलं की सेटिंगचं महत्त्व आपोआप कळतं.

श्रावणातली संध्याकाळ घ्या. मुंबई-गोवा महामार्ग, लांज्याच्या अलीकडे, पाऊस पडतोय. चिऱ्याने भरलेला ट्रक डाव्या लेनमध्ये बंद पडलाय, मागचा दिवा नाही. तुम्ही ताशी ७२ ने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने येताय. आकडे गाडीगणिक बदलतात, पण समजा Early वर इशारा ३ सेकंद आधी येतो, Late वर २ सेकंद आधी, आणि आपोआप ब्रेक दोन्ही वेळा १.२ सेकंद उरलेला असताना लागतो.

Early वर इशारा वाजतो तेव्हा ट्रक ६० मीटरवर आहे. दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे २० मीटर गेले. उरले ४०. ओल्या रस्त्यावर या वेगाने जोरदार ब्रेक मारून थांबायला जवळपास ४० मीटरच लागतात. गाडी ट्रकला जेमतेम टेकण्याआधी थांबते, आणि ती तुम्ही थांबवलेली असते.

Late वर इशारा ४० मीटरवर वाजतो. तुमचा पाय अजून हवेतच आहे, तोवर ०.८ सेकंदांनी, २४ मीटरवर, गाडी स्वतः ब्रेक लावते. कोरड्या रस्त्यावर या ब्रेकने वेग ताशी १४ पर्यंत आला असता आणि बंपरवर निभावलं असतं. पण रस्ता ओला आहे हे चाक घसरू लागेपर्यंत यंत्रणेला बहुधा कळत नाही, त्यामुळे ब्रेकची वेळ ती पावसासाठी अलीकडे आणत नाही. ताशी ४५ च्या आसपास तुम्ही ट्रकवर आदळता.

दोन्ही वेळा ब्रेकची जागा तीच होती. Late निवडून तुम्ही गमावला तो तुमचा स्वतःचा एक सेकंद. हे ०.८ सेकंदांचं अंतरही मी सहज घेतलेलं नाही. प्रवासी गाड्यांच्या या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५२ आहे. इशारा आपत्कालीन ब्रेकच्या किमान ०.८ सेकंद आधी द्यावा, असं तो सर्वसाधारणपणे सांगतो. माणसाचा पाय हलायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

मग लोक Late का करतात? घाटामुळे. आंबा घाटात वळणावर समोरून एसटी येते तेव्हा क्षणभर ती बरोबर आपल्या नाकासमोर असते. गाडी स्टिअरिंगच्या कोनावरून आपला पुढचा मार्ग अंदाजते, पण वळण आवळत गेलं की तो अंदाज चुकतो आणि इशारा वाजतो. माझा देवरुखचा मामेभाऊ पहिल्याच फेरीनंतर म्हणाला, "दादा, आधी हा टूं टूं बंद करून दे, आई मागच्या सीटवर घाबरते." त्याचा त्रास खरा होता. पण आम्ही Late केलं नाही, आवाज कमी केला. बऱ्याच गाड्यांत आवाजाची पातळी वेगळी बदलता येते आणि त्याने वेळेला धक्का लागत नाही.

खरोखर ब्रेकवर परिणाम करणारा पर्याय वेगळा असतो, आणि तो त्याच पानावर असल्यामुळे चुकून दाबला जातो: Warning Only. तो निवडला की गाडी ओरडेल, पण ब्रेक लावणार नाही. तुमच्या गाडीत कोणता पर्याय काय करतो हे मॅन्युअलमधल्या वाक्यांवरून ओळखा. वाक्य इशाऱ्याच्या वेळेबद्दल आहे की ब्रेकच्या, तेवढं नीट बघा. मोकळ्या मैदानात खोका ठेवून तपासायला जाऊ नका. खोक्याला गाडीची मागची बाजू नसते, कॅमेरा त्याला ओळखेलच असं नाही, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. रस्त्यात बसलेल्या गुरांचंही तसंच: अनेक यंत्रणा गुरं ओळखायला शिकवलेल्याच नसतात, त्यामुळे तिथे Early सुद्धा कामाचं नाही.

पावसाळ्यात लाल चिखलाने बंपरमागचा रडार झाकला किंवा काचेवर वाफ धरली तर मीटरवर यंत्रणा बंद असल्याची सूचना येते. तेव्हा सेटिंग काहीही असो, इशाराही नाही आणि ब्रेकही नाही. ओल्या फडक्याने पुसलं की बहुधा परत सुरू होते.

एक गोष्ट घाटातल्यांनी लक्षात ठेवायची. या ब्रेकने गाडी पूर्ण थांबली तरी अनेक गाड्यांत तो दोनेक सेकंदच धरून राहतो आणि मग सुटतो. चढावर असाल तर गाडी मागे सरकेल, म्हणून ती थांबल्याबरोबर आपला पाय ब्रेकवर गेला पाहिजे.