7.20 लाखांचं पॅकेज, मग महिन्याला हातात किती?

"पोराला पुण्यात 7.20 चं पॅकेज लागलंय. म्हणजे महिना साठ पडले की हो!" ऑफर लेटर घेऊन आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात येणारे पालक बहुतेकदा असा हिशोब घरूनच करून आलेले असतात. 7,20,000 भागिले 12 म्हणजे 60,000, यात गणित चुकत नाही. पण भागायला घेतलेली रक्कम पगाराची नसते. पॅकेज म्हणजे तो माणूस कामावर ठेवण्यासाठी कंपनीला वर्षभरात येणारा एकूण खर्च. त्यातला काही भाग पगार म्हणून मिळतो, काही दुसऱ्या खात्यात जातो आणि काही अटी पूर्ण झाल्या तरच मिळतो.

नेहमी दिसणाऱ्या मांडणीचं एक उदाहरण सोडवून दाखवतो. आकडे आम्ही समजायला सोपे घेतले आहेत. नियम आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत.

आधी पॅकेजमधून काय बाजूला काढायचं

7,20,000 मधले 72,000 व्हेरिएबल पे आहेत, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम. ती बहुधा वर्ष संपल्यावर, कंपनीचा नफा आणि साहेबांनी दिलेलं रेटिंग बघून मिळते. पूर्ण मिळेलच असं नाही. ऑगस्टमध्ये रुजू झालात तर पहिल्या वर्षी साधारणपणे तेवढ्याच महिन्यांची मिळते. महिन्याच्या हिशोबात ती शून्य धरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुढे कंपनीच्या वाट्याचा पीएफ. इथे बेसिक महिना 30,000 आहे, त्याचे 12 टक्के म्हणजे 3,600 रुपये. ही रक्कम कंपनी भरते, पण ती पॅकेजमध्येच मोजलेली असते. वर्षाचे 43,200 झाले.

तिसरी ग्रॅच्युइटी. बेसिकच्या 4.81 टक्के दराने वर्षाला 17,316 रुपये पॅकेजमध्ये दाखवलेले आहेत. नेहमीच्या कायम नोकरीत ती मिळण्यासाठी साधारण पाच वर्षं सलग नोकरी लागते (ठरावीक मुदतीच्या करारावरच्या नोकरीला नियम वेगळा आहे). दोन वर्षांत कंपनी बदलणाऱ्या पोरासाठी हा आकडा कागदावरच राहतो. शेवटी मेडिक्लेमचा हप्ता, 11,484 रुपये.

हे सगळं वजा केलं की 5,76,000 उरतात. बारानं भागायची रक्कम ही. उत्तर येतं 48,000, म्हणजे ग्रॉस पगार. साठातले बारा हजार इथेच कमी झाले, आणि अजून कटिंग सुरूही झालेलं नाही.

मग पगारातलं कटिंग

कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ पुन्हा 3,600. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. आयकर इथे लागत नाही, कारण नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट धरून 12.75 लाखांपर्यंतच्या पगाराला कर शून्य होतो. त्या पुढच्या पगाराला मात्र दरमहा टीडीएस कापला जातो आणि भागाकाराचं उत्तर अजून फसवं ठरतं.

48,000 वजा 3,800, म्हणजे बँकेत जमा होणार 44,200. फेब्रुवारीत 44,100. साठ हजारांपेक्षा 15,800 कमी.

एका ओळीत सूत्र असं:

```
हातात = (पॅकेज − व्हेरिएबल − कंपनीचा पीएफ − ग्रॅच्युइटी − विमा) ÷ 12
        − स्वतःचा पीएफ − व्यवसाय कर − टीडीएस
```

हे 15,800 सगळे बुडाले असं समजू नका. दोन्ही बाजूंचा मिळून महिना 7,200 रुपये पीएफ जमतोय. पीएफच्या पेन्शन योजनेत आधीपासून असाल तर कंपनीच्या वाट्यातले 1,250 तिथे जातात, बाकीचे खात्यात व्याजासकट वाढतात. पैसे आपलेच, फक्त त्यातून घरभाडं देता येत नाही.

पॅकेज तेच, हातात वेगळं

भागाकार सगळ्यात जास्त फसवतो तो दोन ऑफर शेजारी ठेवल्यावर. समजा दुसरी कंपनीही 7.20 लाखच देते, बेसिकही तेवढाच, पण ती पीएफ पूर्ण बेसिकवर न भरता 15,000 च्या कायदेशीर मर्यादेवर भरते. मग कंपनीचा वाटा 3,600 ऐवजी 1,800 होतो. वाचलेले 1,800 स्पेशल अलाउन्समध्ये टाकले की ग्रॉस 49,800. स्वतःच्या वाट्याचेही 1,800 च कापले जातात. व्यवसाय कर धरून हातात 47,800. पॅकेज एक रुपयानंही वाढलं नाही, पण हातात दरमहा 3,600 जास्त आले आणि पीएफमधली बचत तेवढीच कमी झाली. घराचा हप्ता चालू असेल तर हे बरं. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याला पहिलीच रचना आम्ही सुचवतो.

आपल्याकडे तुलना बऱ्याचदा गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या नोकरीशी होते, कारण तिथे पगार महिन्याच्या भाषेतच सांगतात. समजा इथे हातात 38,000 मिळतात. समोर साठ धरले तर फरक 22,000 वाटतो. खरा फरक 6,200, आणि त्यातूनच पुण्याची खोली, मेस आणि गावी येण्याजाण्याचं भाडं भागवायचं आहे. इथल्या कंपनीचा पीएफ 1,800 अधिक 1,800 असेल तर पुण्यात त्यात महिना 3,600 जास्त जमतील, तेही पारड्यात टाका. पुढच्या संधीसाठी पुणं निवडायला आमची हरकत नाही. पण 22,000 च्या भरवशावर गाडीचा हप्ता ठरवू नका. गृहकर्जाला बँकसुद्धा पॅकेज नाही, पगाराची स्लिप आणि खात्यात आलेली जमा बघते.

ऑफर लेटरमध्ये कुठे बघायचं

बहुतेक पत्रांच्या शेवटी पगाराचा तक्ता जोडलेला असतो, त्यात वार्षिक आणि मासिक असे दोन रकाने. गंमत अशी की मासिक रकान्याच्या तळाशी बरेचदा 60,000 असंच छापलेलं असतं, कारण ग्रॅच्युइटी आणि कंपनीचा पीएफसुद्धा बारानं भागून तिथे लिहिलेले असतात. तळाची ओळ सोडा, 'ग्रॉस' लिहिलेली ओळ शोधा आणि तिथून कटिंग वजा करा. तक्ताच नसेल तर एचआरकडे सॅलरी ब्रेकअप मागा. तो मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही, आणि 'रुजू झाल्यावर सांगू' असं उत्तर आलं तर थोडं थांबलेलं बरं.

जॉइनिंग बोनसही तपासा. काही ठिकाणी तो पॅकेजच्या आकड्यातच मिळवलेला असतो. दुसऱ्या वर्षी तो नसतो, आणि ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर परत द्यावा लागतो. पत्रात ही अट बोनसच्या आकड्याजवळ नसते, दोन-चार पानं पुढे असते.

आमच्याकडे हिशोब करून घ्यायला येताना पत्राची सगळी पानं आणा, नुसता पहिल्या पानाचा फोटो पुरत नाही. सध्या नोकरीत असाल तर चालू महिन्याची पगार स्लिपही सोबत ठेवा, म्हणजे जुनं आणि नवं एकाच कागदावर मांडून देता येईल.