अहवालात शून्य यावा म्हणून: ‘पकडला न जाणारा मजकूर’ या ध्येयाची पार्श्वभूमी

प्रबंध जमा करण्याआधी इतरांच्या लेखनाशी असलेल्या साम्याची टक्केवारी कमी करून देणाऱ्या सेवांच्या जाहिराती आज सर्रास दिसतात. ‘सॉफ्टवेअरला सापडणार नाही’ हे त्यांचं आश्वासन. ते कुठून आलं हे समजून घ्यायचं तर २०१८ पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम अधिसूचित केले. त्यात पायऱ्या ठरवून दिल्या. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश, प्रमाणित चिन्हं, समीकरणं या मोजणीत धरायची नाहीत, असंही नियमांत स्पष्ट आहे. पुढच्याच वर्षी ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना साम्य तपासणारं सॉफ्टवेअर मिळालं आणि टक्केवारीचा आकडा प्रत्येक मार्गदर्शकाच्या टेबलावर आला.

याच नियमांमध्ये वाङ्मयचौर्याची व्याख्या मात्र दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणं अशी आहे. कल्पना यंत्राला दिसत नाही. त्याला दिसतात ते ओळीने जुळणारे शब्द. म्हणजे मोजलं जातं एक आणि गुन्हा आहे दुसराच. या फटीतच पळवाटांचा धंदा उभा राहिला.

सगळ्यात स्वस्त पळवाट अक्षरांची. इंग्रजी शब्दातला ‘a’ काढून तसाच दिसणारा रशियन ‘а’ बसवायचा, किंवा शब्दांच्या मध्ये न दिसणारी चिन्हं पेरायची. डोळ्याला फरक कळत नाही, यंत्राला शब्द वेगळा वाटतो. पण त्या फाइलमध्ये मूळ शब्द शोधला तर सापडत नाही आणि अंध वाचकाचं वाचनयंत्र तिथे अडखळतं. हे उघडही सहज पडतं: संशय आलेला शब्द स्वतः टाइप करून शोधायचा, समोर दिसत असूनही तो मिळाला नाही तर अक्षरांत काहीतरी दडलं आहे. मराठीत इथे थोडं जपून राहावं लागतं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही कळफलकांवर अदृश्य जोडचिन्हाने बनतो, त्यामुळे मराठी मजकुरात असं चिन्ह आढळणं हा लबाडीचा पुरावा होत नाही. शिवाय जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर यंत्राला निव्वळ निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. अशा प्रबंधाचा अहवाल शून्य आला तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी पळवाट समानार्थी शब्दांची, आणि तिचा इतिहास जास्त बोलका आहे. २०२१ मध्ये गिओम काबानाक, सिरील लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तिघा संशोधकांनी शास्त्रीय नियतकालिकांतले विचित्र शब्दप्रयोग गोळा करून मांडले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलॉसल इन्फर्मेशन’, आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’. स्तनाच्या कर्करोगाला ‘उरावरचं संकट’ म्हणण्यासारखंच हे. शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरला पारिभाषिक संज्ञा म्हणजे काय हे ठाऊक नसतं, म्हणून ते तिचा एकेक शब्द सुटा बदलतं. साम्य घटलं, पण वाक्याचा अर्थ गेला. पुढे हेच शब्दप्रयोग शोधणारी यंत्रणा तयार झाली. लपण्यासाठी केलेला बदलच ठसा ठरला आणि त्याच्या मागावर अनेक लेख मागे घ्यावे लागले.

२०२३ मध्ये प्रश्नाचं रूप बदललं. आता मजकूर नक्कल आहे का हे नव्हे, तर तो यंत्राने लिहिला आहे का हे ओळखायचं होतं. इथे जुळवून पाहायला मूळ प्रत नसते. ओळखयंत्रं बहुतांशी पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे मोजतात. सगळं फार अपेक्षित असेल तर यंत्राचा संशय घेतात. ओपनएआयने जानेवारीत आणलेलं असं साधन यंत्रलिखित मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखत होतं आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर खोटा ठपका ठेवत होतं. जुलैमध्ये कंपनीने ते मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात ओळखयंत्रांना दिले. माणसांनीच लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्क्यांच्या आसपास यंत्रलिखित ठरवले गेले. कारण साधं आहे: परक्या भाषेत माणूस ओळखीचे, सुरक्षित शब्द वापरतो. त्याच निबंधांतली शब्दसंपदा चॅटजीपीटीकडून ‘समृद्ध’ करून घेतल्यावर हा आकडा सुमारे १२ टक्क्यांवर आला. म्हणजे स्वतः लिहिलेलं पकडलं गेलं आणि यंत्राचा हात फिरवलेलं सुटलं. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांना हा धोका थेट लागू आहे.

अशा वेळी निर्दोष विद्यार्थ्यालाही वाटतं की मुद्दाम वाकडी वाक्यं लिहावीत, चार चुका सोडाव्यात. ही भीती खरी आहे, पण उपाय चुकीचा. ओळखयंत्र बदललं की तोच मजकूर पुन्हा अडकतो, आणि वाकडं वाक्य वाचणाऱ्याच्या वाट्याला कायमचं येतं. संरक्षण मिळतं ते लिखाणाच्या नोंदींतून: तारखांसह ठेवलेले मसुदे, गूगल डॉक्सचा आवृत्ती-इतिहास, टिपणवह्या, मूळ आकडेवारी. साधन वापरलं असेल तर कुठल्या कामासाठी वापरलं ते लिहून टाकावं. प्रकाशन-नीतीच्या ‘कोप’ समितीचीही २०२३ पासून हीच भूमिका आहे: यंत्र लेखक होऊ शकत नाही, आणि वापर उघड करायचा.

ओळखू न येणं हे रास्त ध्येय ठरतं अशी जागा आम्हाला एकच दिसते: नाव उघड झाल्यास ज्याच्या जिवाला किंवा पोटाला धोका आहे, त्याने शैली लपवणं. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिलं, तेव्हा हे टोपणनाव आहे हे वाचकाला दिसत होतं. झाकलं गेलं ते नाव. मजकूर कुठून आला याबद्दल फसवणूक नव्हती.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा ५०,००० शब्दांच्या प्रबंधाचा अहवाल २४ टक्के आला. तो उघडून प्रत्येक जुळणी वाचली तर त्यात साधारण ११ टक्के संदर्भसूची आणि अवतरणं, ४ टक्के विद्यार्थ्याचाच आधी छापलेला लेख, ६ टक्के प्रयोगपद्धतीचं वर्णन आणि ३ टक्के, म्हणजे १,५०० शब्द, पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात दुसऱ्यांच्या लेखांतून उचललेले निघतात. पहिला भाग नियमानेच वगळला जातो. स्वतःच्या लेखाचा उल्लेख प्रस्तावनेत आणि त्या-त्या प्रकरणात करून तो मार्गदर्शकाला दाखवायचा. पद्धतीच्या भागात प्रमाणित कृतीचा संदर्भ देऊन आपण त्यात काय बदललं तेवढंच लिहायचं. सहा पानांचं काम दोन पानांत होतं.

उरतात ते ३ टक्के. आकड्याकडेच पाहणारा त्यांना हात लावणार नाही, कारण बाकीचं आवरल्यावर प्रबंध १० च्या आत येतो. खरी चोरी मात्र तेवढीच आहे, म्हणून काम तिथूनच सुरू करावं. मूळ लेख वाचून बंद करायचा. त्यात कोणी, किती नमुन्यांवर, काय शोधलं आणि इतरांशी कुठे मतभेद आहे हे टिपणातून स्वतःच्या वाक्यांत लिहायचं, पृष्ठक्रमांकासह संदर्भ द्यायचा, आणि मगच मूळ लेख उघडून अर्थ सरकला नाही ना ते ताडून पाहायचं. संज्ञा जशीच्या तशी ठेवायची, ती जुळली तरी चालेल. एखादं वाक्य मूळच्याच शब्दांत हवं असेल तर अवतरणचिन्हांत द्यावं. टिपण लिहिताना मूळ लेख पुन्हा पुन्हा उघडावा लागत असेल, तर तो लेख अजून समजलेला नाही, आणि त्यावरचा परिच्छेद तूर्त बाजूला ठेवलेला बरा.