तीन ट्रान्झॅक्शन आणि एक नकोसं चक्र

डेटाबेसमध्ये `x` ची किंमत 100 आहे आणि तीन ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकसंध मानले जाणारे वाचन-लेखनाचे गट, एकाच वेळी त्यावर काम करताहेत. T1 आधी `x` वाचतो आणि मग त्यात 110 लिहितो. T2 काहीही न वाचता 500 लिहितो, T3 तसाच 900 लिहितो. न वाचता केलेल्या अशा लिखाणाला आंधळं लेखन म्हणतात. प्रत्यक्षात ही कामं पुढच्या क्रमाने गुंफली गेली, अशा क्रमाला शेड्यूल म्हणतात:

```
r1(x)  w2(x)  w1(x)  w3(x)
```

`r` म्हणजे वाचन, `w` म्हणजे लेखन. प्रश्न असा की हे तिघं एकामागून एक, रांगेत चालले असते तर हाच परिणाम मिळाला असता का? तशी एखादी रांग सापडली, तर हे शेड्यूल सुरक्षित.

हे ठरवण्याची एक कसोटी म्हणजे कॉन्फ्लिक्ट सिरिअलायझेबिलिटी, आणि तिची चाचणी सोपी आहे. दोन वेगळे ट्रान्झॅक्शन एकाच गोष्टीला हात लावत असतील आणि त्यातलं किमान एक लेखन असेल, तर तो संघर्ष. ज्याचं काम आधी झालं त्याच्याकडून दुसऱ्याकडे बाण काढायचा. इथे `r1` हे `w2` च्या आधी आहे, म्हणून T1→T2. पण `w2` हे `w1` च्या आधी आहे, म्हणून T2→T1 सुद्धा. चक्र तयार झालं, शेड्यूल नापास. बाण काढणं आणि चक्र शोधणं ही दोन्ही कामं संगणक झटपट करतो. हजार ट्रान्झॅक्शन असले तरी अडत नाही.

आता परिणाम बघा. T1 ने 100 वाचलं, शेवटी `x` मध्ये 900 उरलं. T1, T2, T3 अशी रांग लावली तरी T1 100च वाचतो आणि शेवटी 900च उरतं. मधल्या 500 आणि 110 कडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, त्यामुळे त्यांचा क्रम उलटा झाला तरी काही बिघडत नाही. दुसरी कसोटी म्हणजे व्ह्यू सिरिअलायझेबिलिटी. ती एवढंच विचारते: प्रत्येक वाचनाला मूळ शेड्यूलमध्ये ज्याची किंमत मिळाली त्याचीच रांगेतही मिळते ना, आणि शेवटचं लेखन त्याचंच राहतं ना? या कसोटीवर आपलं शेड्यूल पास होतं. कॉन्फ्लिक्टमध्ये पास झालेलं शेड्यूल व्ह्यूमध्ये पास होतंच. उलट मात्र होईलच असं नाही, आणि हा फरक फक्त आंधळी लेखनं असली तरच पडतो.

मग सगळीकडे हीच उदार कसोटी का वापरत नाहीत? हे शेड्यूल पाहा:

```
w1(y)  r2(y)  w3(y)  w4(y)
```

T2 ने T1 चं `y` वाचलं. T3 ने लिहिलेलं कुणीच वाचलं नाही आणि शेवटचं लेखन T4 चं आहे. रांगेत T3 कुठे बसवायचा? T1 आणि T2 यांच्या मध्ये चालणार नाही, कारण मग T2 ला T3 ची किंमत मिळेल. तो T1 च्या आधी हवा किंवा T2 च्या नंतर. कॉन्फ्लिक्टच्या चाचणीत इथे पर्यायच नव्हता, घडलेल्या क्रमाने बाण ठरून गेला होता. व्ह्यूमध्ये मात्र ‘हा बाण किंवा तो’ असा पेच उरतो.

एकटा पेच क्षुल्लक आहे. पण `y` साठी T3 ला T1 च्या आधी बसवलं आणि `z` साठी तोच T3 दुसऱ्या कुणाच्या तरी नंतर हवा असेल, तर एका निवडीमुळे दुसरीकडे चक्र तयार होतं. ते दुरुस्त करायला जावं तर तिसरीकडे. 30 पेच असतील तर निवडींच्या जोड्या 2³⁰, म्हणजे 107 कोटींवर. 60 असतील तर त्याच्याही शंभर कोटींहून अधिक पट. कुणी रांग हातात आणून दिली तर ती तपासणं सोपं, शोधणं अवघड. क्रिस्टोस पापादिमित्रिऊ यांनी 1979 मध्ये ही समस्या एनपी-कम्प्लीट असल्याचं सिद्ध केलं. थोडक्यात, प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी पद्धत सापडली, तर तशा शेकडो कुप्रसिद्ध समस्या एका फटक्यात सुटतील. तशी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही. (सगळीच शेड्यूल अवघड असतात असं नाही. आपलं पहिलं उदाहरण कागदावरही सुटतं.)

माझ्या मते व्यवहारात याहून मोठी अडचण वेगळीच आहे. पहिल्या शेड्यूलमधून `w3(x)` काढून टाका. उरलं `r1 w2 w1`. T1 आधी ठेवला तर शेवटचं लेखन T2 चं होतं, T2 आधी ठेवला तर T1 ला 100 ऐवजी 500 मिळतं. म्हणजे व्ह्यूमध्येही नापास. `w1` ला परवानगी द्यायच्या क्षणी T3 येणार आहे की नाही, आला तरी मध्येच रद्द होईल का, हे डेटाबेसला कळायला मार्ग नाही. आणि T1, T2 कमिट झाल्यावर, म्हणजे त्यांचं काम पक्कं झाल्यावर, निकाल मागे घेता येत नाही.

म्हणून डेटाबेस शक्यतो चक्र होऊच न देण्याचा मार्ग धरतात. दोन टप्प्यांच्या लॉकिंगमध्ये ट्रान्झॅक्शन वापरात असलेल्या गोष्टीवर लॉक लावून इतरांना थांबवतो, आणि एकदा लॉक सोडायला सुरुवात झाली की नवं घ्यायचं नाही. त्या नियमाने `w2` ला T1 `x` वरचं लॉक सोडेपर्यंत थांबावं लागतं. पोस्टग्रेस त्याच्या `SERIALIZABLE` पातळीवर थांबवण्याऐवजी धोकादायक अवलंबनांवर नजर ठेवतं आणि संशय आला की एखादा ट्रान्झॅक्शन रद्द करतं. कधीकधी निर्दोष ट्रान्झॅक्शनचाही त्यात बळी जातो. त्यामुळे `40001` हा एररकोड दिसला की तोच ट्रान्झॅक्शन सुरुवातीपासून, वाचनासकट, पुन्हा चालवायचा. नुसतं शेवटचं लेखन पुन्हा पाठवून भागत नाही, कारण ते ज्या वाचनावर बेतलेलं होतं ते आता शिळं झालेलं असू शकतं.