छेदात कोण आहे? सशर्त संभाव्यतेचे तीन प्रश्न

अकरावी-बारावीच्या गणितात सशर्त संभाव्यतेचे सूत्र एका ओळीत मावते आणि ते पाठ व्हायलाही वेळ लागत नाही: P(A|B) = P(A∩B) / P(B). म्हणजे, B ही घटना घडली आहे हे ठाऊक असताना A घडलेली असण्याची संभाव्यता काढायची, तर A आणि B दोन्ही घडण्याच्या संभाव्यतेला एकट्या B च्या संभाव्यतेने भागायचे. सूत्र एवढे सोपे असूनही त्यावरच्या सरावपत्रिकेतली उत्तरे हमखास चुकतात, आणि चुकणाऱ्यांत अनुभवी डॉक्टरही असतात. भागाकार करताना ही चूक होत नाही. ती त्याच्या आधीच, छेदात कोणाला घ्यायचे हे ठरवताना झालेली असते. ती नेमकी कुठे होते हे दिसावे म्हणून तीन प्रश्नांची एक छोटी सरावपत्रिका इथे सोडवून पाहू.

पहिला प्रश्न असा. पिशवीत दोन पांढऱ्या आणि दोन काळ्या अशा चार गोट्या आहेत. न बघता एक गोटी काढली, ती परत न टाकता दुसरी काढली. पहिली गोटी पांढरी निघाली असेल, तर दुसरीही पांढरी असण्याची संभाव्यता किती?

हा प्रश्न बहुतेकांना जमतो. पिशवीत आता तीन गोट्या उरल्या, त्यांतली एकच पांढरी, म्हणून उत्तर १/३. तरीही त्याची वृक्षाकृती काढून ठेवावी, कारण पुढच्या प्रश्नाला तीच लागणार आहे. डावीकडच्या बिंदूतून पहिल्या गोटीच्या दोन फांद्या निघतात, आणि त्या प्रत्येकीच्या टोकाला दुसऱ्या गोटीच्या दोन दोन फांद्या फुटतात:

```
पहिली पांढरी (१/२)
    दुसरी पांढरी (१/३)  →  १/६
    दुसरी काळी  (२/३)  →  १/३
पहिली काळी (१/२)
    दुसरी पांढरी (२/३)  →  १/३
    दुसरी काळी  (१/३)  →  १/६
```

दुसऱ्या टप्प्यातल्या फांद्यांवर लिहिलेले आकडे मुळातच सशर्त आहेत, कारण त्या फांदीपर्यंत आपण कोणत्या वाटेने आलो हे त्यांत गृहीत धरलेले असते. म्हणून एका वाटेवरचे आकडे गुणायचे आणि वेगवेगळ्या वाटांच्या टोकांशी आलेले गुणाकार मिळवायचे. आकृती बरोबर आहे की नाही हे तपासायच्या दोन खुणा आहेत: एका बिंदूतून निघालेल्या फांद्यांची बेरीज १ यायला हवी आणि सगळ्या टोकांची बेरीजही १ यायला हवी. दुसऱ्या टप्प्यावर सगळीकडे १/२ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या बेरजा बरोबर येतात, पण त्याने नकळत पहिली गोटी पिशवीत परत टाकलेली असते. ही चूक बेरजेने पकडता येत नाही. त्यासाठी त्या क्षणी पिशवीत काय उरले आहे, हे प्रत्येक बिंदूपाशी शब्दांत लिहून पाहावे लागते.

दुसऱ्या प्रश्नात पिशवी तीच आणि गोट्याही त्याच. पहिली गोटी काढून, न बघता मुठीत झाकून ठेवली. दुसरी काढून पाहिली, तर ती पांढरी. मुठीतली पहिली गोटी पांढरी असण्याची संभाव्यता किती?

इथे बरेच जण ठामपणे १/२ म्हणतात. पहिली गोटी काढली तेव्हा पिशवीत दोन पांढऱ्या आणि दोन काळ्या होत्या, आणि नंतर घडलेल्या गोष्टीचा आधी घडलेल्या गोष्टीवर परिणाम होणार कसा, असा त्यामागचा विचार असतो. इस्रायली संशोधक रुमा फाल्क यांनी हा प्रश्न शिक्षणाच्या अभ्यासात पुढे आणला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वरची आकृती पाहिली तर दुसरी गोटी पांढरी निघण्याच्या वाटा दोन आहेत. एकीचे वजन १/६, दुसरीचे १/३, दोन्ही मिळून १/२. त्यांपैकी पहिली गोटी पांढरी असलेली वाट १/६ ची. म्हणून उत्तर १/६ भागिले १/२, म्हणजे पुन्हा १/३.

हे उत्तर मनाला खटकते, कारण आपण सशर्त संभाव्यतेला कार्यकारणभाव समजून बसतो. दुसऱ्या गोटीने पहिलीचा रंग बदललेला नाही, हे खरेच आहे. बदलली ती आपली माहिती. एक पांढरी गोटी मुठीबाहेर दिसली, म्हणजे मुठीत असू शकणाऱ्या गोट्या तीनच उरल्या आणि त्यांतली पांढरी एक. वृक्षाकृती आपण काळाच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे काढतो, पण प्रश्न मात्र उजवीकडून डावीकडे विचारलेला आहे. बेजच्या पद्धतीचा प्रत्येक प्रश्न असा उलट्या दिशेचा असतो. थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाने या उलट्या दिशेच्या प्रश्नावर लिहिलेला निबंध त्याच्या मृत्यूनंतर, रिचर्ड प्राइस या त्याच्या मित्राच्या पुढाकाराने, १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

तिसरा प्रश्न या सरावपत्रिकेचा गाभा आहे. एक आजार हजारात एकाला असतो. त्याच्या चाचणीत, आजार नसलेल्यांपैकी ५ टक्के लोकांचा अहवालही चुकून पॉझिटिव्ह येतो. आजार असलेल्याचा अहवाल मात्र नेहमी पॉझिटिव्हच येतो, असे धरू. कोणतीही लक्षणे नसलेल्या एका व्यक्तीचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर तिला खरोखर आजार असण्याची संभाव्यता किती?

जवळपास हाच प्रश्न १९७८ साली हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाशी संबंधित ६० जणांना विचारला गेला. त्यांत विद्यार्थी होते, निवासी डॉक्टर होते आणि ज्येष्ठ डॉक्टरही होते. सर्वाधिक वेळा आलेले उत्तर ९५ टक्के होते, आणि ते २७ जणांनी दिले. बरोबर उत्तर देणारे ११ होते. (मूळ प्रश्नात आजारी व्यक्तीचा अहवाल नेहमी पॉझिटिव्ह येतो का, हे सांगितलेले नव्हते. ती त्रुटी खरी आहे, पण तिच्यामुळे ९५ हे उत्तर बरोबर ठरत नाही.)

आता आकृती काढू, पण यावेळी फांद्यांवर अपूर्णांक न लिहिता माणसे मोजू. १०,००० लोकांची चाचणी केली असे समजू. पहिल्या टप्प्यावर दोन फांद्या: १० आजारी आणि ९,९९० निरोगी. आजारी फांदीवरचे दहाही जण पॉझिटिव्ह. निरोगी फांदीवरचे ५ टक्के, म्हणजे सुमारे ५००, चुकून पॉझिटिव्ह आणि उरलेले सुमारे ९,४९० निगेटिव्ह. पॉझिटिव्ह अहवाल हातात असलेले एकूण ५१०, आणि त्यांत खरोखर आजारी १०. १० भागिले ५१०, म्हणजे जेमतेम २ टक्के.

९५ कुठून आले ते आता दिसते. ५ टक्के हा आकडा निरोगी लोकांपैकी चुकीने पॉझिटिव्ह ठरणाऱ्यांचा आहे, त्याच्या छेदात ९,९९० निरोगी माणसे आहेत. वाचणारा मात्र तो पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी चुकीच्या अहवालांचा आकडा समजतो, म्हणजे छेदात ५१० जणांना बसवतो, आणि मग शंभरातून पाच वजा करून मोकळा होतो. P(पॉझिटिव्ह|निरोगी) आणि P(निरोगी|पॉझिटिव्ह) या दोन वेगळ्या राशी आहेत. रणजी संघातल्या जवळजवळ प्रत्येक खेळाडूने शालेय वयात क्रिकेट खेळलेले असते, पण शालेय वयात क्रिकेट खेळणाऱ्यांपैकी रणजीपर्यंत किती जण पोचतात, याचे उत्तर त्यावरून कोणी काढणार नाही. तिथे दोन्ही समूहांचा आकार आपल्याला आधीच ठाऊक असतो. चाचणीच्या प्रश्नात निरोगी माणसांचा तो प्रचंड समूह डोळ्यांसमोर येत नाही. हजारात एक ही माहिती प्रश्नाच्या सुरुवातीला एकदा येते आणि समोर पॉझिटिव्ह अहवाल आला की मागे पडते.

वही तपासताना या प्रश्नाची आणखी एक चूक सापडते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. काही विद्यार्थी आजारी फांदीवरचे आकडे गुणतात, १/१००० गुणिले १, आणि ०.१ टक्के असे उत्तर लिहून थांबतात. त्यांनी काढलेली राशी बरोबर आहे, पण ती आजारी असण्याची आणि पॉझिटिव्ह येण्याची एकत्रित संभाव्यता आहे, आणि तिच्या छेदात सगळेच्या सगळे १०,००० लोक आहेत. अहवाल पॉझिटिव्ह आला हे कळल्यावर निगेटिव्ह टोके खोडायला हवी होती, ती खोडली गेली नाहीत. उत्तर मूळच्या हजारात एकाइतकेच आले, तर अहवालाची माहिती वापरलीच गेली नाही असे समजावे.

माणसे मोजण्याची ही रीत केवळ शिकवण्याच्या सोयीची नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर आणि उलरिख हॉफराग यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशाच प्रकारच्या प्रश्नांना टक्केवारीच्या रूपात १६ टक्के उत्तरे बरोबर आली, तर तीच माहिती माणसांच्या संख्येत दिल्यावर ४६ टक्के. माणसे मोजताना समूहाचा आकार प्रत्येक आकड्यासोबत राहतो. टक्केवारी केली की तो गळून पडतो. अर्थात निम्म्याहून अधिक उत्तरे तरीही चुकलीच, तेव्हा ही रीत रामबाण मानण्याचे कारण नाही.

२ टक्के या उत्तरावरून चाचणी कुचकामी आहे असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. एक तर अहवालाने संभाव्यता हजारात एकावरून ५१ मध्ये एकावर आणली, म्हणजे जवळजवळ वीसपट केली. दुसरे म्हणजे २ टक्के हे उत्तर लक्षणे नसलेल्या, सरसकट तपासलेल्या व्यक्तीचे आहे. तीच चाचणी अशा रुग्णांवर केली, की ज्यांची लक्षणे पाहूनच डॉक्टरांना पाचात एकाला आजार असेल असे वाटते, तर १,००० रुग्णांत २०० आजारी पॉझिटिव्ह येतील आणि ८०० निरोगींपैकी ४०. आता २४० पॉझिटिव्ह अहवालांमागे २०० खरे, म्हणजे ८३ टक्के. चाचणीचा एकही गुणधर्म बदललेला नाही, फक्त पहिल्या टप्प्यावरच्या फांद्यांचे आकडे बदलले. म्हणून 'ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर आजार असण्याची शक्यता किती' या प्रश्नाला, चाचणी कोणावर केली हे न सांगता उत्तर देता येत नाही.

राहिला पुन्हा तपासण्याचा मुद्दा. पहिल्या फेरीतल्या त्या ५१० जणांची दुसऱ्यांदा चाचणी केली, तर १० आजारी पुन्हा पॉझिटिव्ह येतील आणि ५०० निरोगींपैकी सुमारे २५. आता ३५ मध्ये १०, म्हणजे सुमारे २९ टक्के. तिसऱ्या फेरीत त्या २५ पैकी एखाद-दुसराच चुकून पॉझिटिव्ह राहील आणि संभाव्यता ९० टक्क्यांच्या आसपास जाईल. मात्र या हिशेबात प्रत्येक फेरीची चूक आधीच्या चुकीपासून स्वतंत्र आहे असे धरले आहे. एखाद्याच्या रक्तातल्या एखाद्या घटकामुळेच चाचणी फसत असेल, तर तीच चाचणी त्याच्यावर पुन्हा केली तरी ती पुन्हा फसेल. तेव्हा दुसऱ्या टप्प्याच्या निरोगी फांदीवर ५ टक्के लिहिता येणार नाहीत, त्याहून बराच मोठा आकडा लिहावा लागेल. भारतात लक्षणे नसलेल्या व्यक्तीच्या एचआयव्ही निदानासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने तीन चाचण्यांची पद्धत ठरवली आहे. त्या तीन चाचण्यांची किट एकच नसतात, तर वेगवेगळ्या तत्त्वांवर किंवा वेगवेगळ्या प्रतिजनांवर आधारलेली असतात. त्यामुळे एका किटला फसवणारी गोष्ट दुसऱ्यालाही फसवील याची शक्यता कमी होते, आणि आकृतीच्या पुढच्या टप्प्यांवर लहान आकडे लिहिण्याला आधार मिळतो.