मथळा की आशयसूत्र? मुलाखतींचं कोडिंग करताना होणारी गल्लत

छात्राध्यापकांच्या कृतिसंशोधन अहवालात निष्कर्षांचं प्रकरण उघडलं की बहुतेक वेळा असं दिसतं: ‘आशयसूत्र १: शिक्षकांची भूमिका. आशयसूत्र २: मित्रांचा प्रभाव. आशयसूत्र ३: अडचणी.’ ही आशयसूत्रं नव्हेत, हे मथळे आहेत. मुलाखतीच्या प्रश्नावलीतून उचललेले, आणि एकही मुलाखत न घेता लिहिता आले असते असे. मुलाखतींतून आशयसूत्रं शोधण्याची, म्हणजे विषयाधारित विश्लेषणाची, आपली पद्धत २००६ मध्ये मांडणाऱ्या व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी पुढे याच गोंधळावर वारंवार बोट ठेवलं आहे. एका विषयावर लोक काय काय बोलले याचा गोषवारा वेगळा आणि त्या बोलण्यातून वाहणारा एक समान अर्थ वेगळा.

उदाहरण घेऊ. गणिताच्या तासाला मुलं शंका विचारत नाहीत, म्हणून सहा मुलांच्या छोट्या मुलाखती घेतल्या. लिहून काढलेल्या उत्तरांतली ही चार वाक्यं:

‘विचारावंसं वाटतं, पण बाई पुढच्या गणितावर गेलेल्या असतात.’
‘शेवटी विचारा म्हणतात, पण तेव्हा घंटा होते.’
‘बाकीच्यांना कळलेलं असतं. माझ्या एकट्यासाठी कशाला थांबवायचं?’
‘काय कळलं नाही तेच सांगता येत नाही.’

आता कोड द्यायचे, म्हणजे प्रत्येक वाक्यापुढे त्याचा आशय सांगणारी छोटी नोंद लिहायची. इथे घाई झाली की पहिल्या तिन्ही वाक्यांपुढे ‘वेळ’ आणि चौथ्यापुढे ‘अडचण’ असं लिहून आपण मोकळे होतो. असा एकशब्दी कोड फार लवकर मथळ्याकडे ढकलतो. ‘भीती’ हा तर सगळ्यांत फसवा कोड: मुलं हसतील याची भीती आणि बाई रागावतील याची भीती त्यात एकत्र कोंबली जाते, आणि दोन्हींवरचे उपाय अगदी निराळे असतात. म्हणून कोड असा लिहावा की मूळ वाक्य झाकलं तरी मूल काय म्हणालं ते कळावं: ‘शंका सुचेपर्यंत पाठ पुढे’, ‘विचारायची वेळ घंटेत जाते’, ‘एकट्यासाठी वर्ग अडवू नये’, ‘शंका शब्दांत मांडता येत नाही’.

पहिले तीन कोड शेजारी ठेवा. मथळा म्हणेल, ‘वेळेचा अभाव’. पण तिसरं मूल वेळ नाही असं म्हणतच नाहीये. वर्गाचा वेळ वापरायचा आपल्याला हक्क नाही, असं म्हणतंय. ते लक्षात घेऊन पहिली दोन वाक्यं पुन्हा वाचली की तिथेही पाठाला अडवायचं नाही हे गृहीत धरलेलं दिसतं. मग आशयसूत्र असं होईल: ‘पाठ थांबवणं हे आपलं काम नाही असं मुलांना वाटतं, म्हणून शंका मागे राहते.’ ते पूर्ण वाक्य आहे. ते चूकही ठरू शकतं, आणि म्हणूनच ते तपासता येतं. ‘वेळेचा अभाव’ हा शब्दसमूह खरा-खोटा ठरवणार कसा?

तपासायचं म्हणजे सगळ्या मुलाखती परत वाचून या सूत्राला न जुमानणारं उत्तर शोधायचं. समजा एक मुलगा म्हणतो, ‘मी विचारतो. मी पुढेच बसतो, बाई बघतात माझ्याकडे.’ हे उत्तर गाळलं तर अहवाल देखणा होईल आणि कच्चाही. ठेवलं तर सूत्र नेमकं होतं: शिक्षकांची नजर ज्यांच्यापर्यंत पोचते, त्यांना थांबवायची परवानगी आधीच मिळालेली असावी. एकाच मुलाच्या बोलण्यावर हे ठामपणे म्हणता येणार नाही, पण पुढच्या फेरीत मागे बसणाऱ्यांना काय विचारायचं ते मात्र ठरतं.

चौथा कोड या सूत्रात बसत नाही. त्याला ओढूनताणून बसवू नका. एकाच मुलाचं बोलणं असेल तर त्याला वेगळं आशयसूत्रही म्हणू नका. स्वतंत्र निरीक्षण म्हणून नोंदवा.

कृतिसंशोधनात हा फरक थेट कृतीत उतरतो. ‘वेळेचा अभाव’ वाचून शिक्षक शेवटची पाच मिनिटं शंकांना देईल, आणि घंटेची तक्रार तशीच राहील. वरचं सूत्र वाचून तो दर दुसऱ्या गणितानंतर स्वतः थांबेल आणि अडलेली पायरी प्रत्येकाला वहीत खुणेनं दाखवायला सांगेल. थांबवायची जबाबदारी मुलावरून उठते, आणि शंका शब्दांत न सापडणाऱ्या मुलाचीही सोय होते.

मथळे सर्वस्वी टाकाऊ नाहीत. उपक्रमाआधीची आणि नंतरची उत्तरं प्रश्नवार समोरासमोर मांडायची असतील तर तेच सोयीचे. फक्त त्या भागाला ‘प्रतिसादांचा गोषवारा’ असं नाव द्या. आणि सहा मुलाखतींवर टक्केवारी काढू नका. ‘६६.६७ टक्के’ लिहिण्यापेक्षा ‘सहापैकी चार’ लिहा; वाचणाऱ्याला नमुना केवढा आहे ते लगेच दिसतं.